हसरा चेहरा टाकूनही संदेश थंड का वाटतो

प्रश्न: मैत्रिणीने ऐन वेळी भेट रद्द केली. मी ‘ठीक आहे 🙂’ असं उत्तर पाठवलं. लगेच तिचा मेसेज आला, ‘रागावलीस का?’ मी खरंच रागावले नव्हते, म्हणून तर हसरा चेहरा टाकला होता. इमोजी कोणता टाकायचा आणि वाक्यात कुठे टाकायचा, याने एवढा फरक पडतो का?

उत्तर:

हो, पडतो. तुमच्या मैत्रिणीने काहीतरी भलतंच वाचलं असंही मी म्हणणार नाही. तिच्यासमोर दोन शब्द आणि एक चेहरा एवढंच होतं, आणि त्यातून तिने काढलेला अर्थ रास्त होता. चॅटमधली भाषा कशी वाचली जाते हे तपासणं आणि शिकवणं हे माझं काम आहे. लोक आपले संवाद दाखवतात आणि ‘इथे काय बिनसलं ते सांगा’ म्हणतात. अशा संवादांमध्ये ‘ठीक आहे 🙂’ मला इतक्यांदा भेटलं आहे की त्याच्यावरच थोडं सविस्तर लिहिते. इमोजीची निवड आणि त्याची जागा, दोन्ही गोष्टी त्यातून उलगडतात.

आधी तो चेहरा पाहू. 🙂 जरा मोठा करून बघा. ओठांच्या कडा किंचित वर गेल्या आहेत, डोळे मात्र नुसते दोन ठिपके आहेत. जगभरच्या फोनवर अक्षरं आणि इमोजी सारखेच ओळखले जावेत म्हणून युनिकोड नावाची प्रमाणसूची असते. त्या सूचीत हा चेहरा २०१४ मध्ये आला आणि त्याचं अधिकृत नावच ‘किंचित हसणारा चेहरा’ अशा अर्थाचं आहे. आता त्याच्या शेजारी 😊 ठेवा. इथे डोळे मिटल्यासारखे वळले आहेत आणि गालांवर लाली आहे. दोन्ही चेहरे हसतातच, पण पहिल्यात फक्त ओठ हसतात आणि दुसऱ्यात डोळेही हसतात. द्युशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्येच लिहून ठेवलं होतं की ओठ वर ओढणारा स्नायू आपल्या मर्जीने हलतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू मनापासून आनंद झाल्यावर हलतो. ओठ हसताहेत आणि डोळे हसत नाहीत, असा चेहरा समोर आला की आपण सावध होतो. इमोजीच्या छोट्या चित्रातही नजर आधी डोळ्यांकडेच जाते.

पण दोष एकट्या 🙂 चा नाही. ‘अगं वा, मिळाली का नोकरी! 🙂’ या वाक्यात तोच चेहरा कुणाला खटकणार नाही, कारण आनंद शब्दांतच आहे आणि इमोजीवर काही भार नाही. ‘ठीक आहे’ हे शब्द वेगळे आहेत. त्यांतून फक्त संमती कळते. मन कसं आहे ते कळत नाही. वाईट वाटलं का, चाललं का, सुटल्यासारखं वाटलं का, यातलं काहीच त्यात नाही. म्हणजे सगळा सूर त्या एका चेहऱ्याने सांगायचा होता, आणि तुम्ही निवडलेला चेहरा सगळ्या हसऱ्या चेहऱ्यांमधला सर्वांत फिका होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपण समजतो की इमोजी लिहिणाऱ्याची भावना दाखवतो. वाचणारा मात्र त्याच्याकडे सूचना म्हणून बघतो. आत्ता वाचलेलं वाक्य कसं घ्यायचं, हे त्याला इमोजीकडून कळून घ्यायचं असतं. ही खूण जन्मालाच मुळी त्या कामासाठी आली. १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन या संगणकतज्ज्ञाने सुचवलं की विद्यापीठाच्या संगणकी फलकावर गमतीने लिहिलेल्या मजकुरापुढे `:-)` ही खूण करावी. विनोद कुठला आणि खरं कुठलं यावरून तिथे गोंधळ उडत होता. लेखक खूश आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. ‘हे गमतीने घ्या’ एवढंच सांगायचं होतं.

सूचना म्हटली की वाचणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप येतो: ही सूचना इथे द्यायची गरज का पडली? भरभरून लिहिलेल्या वाक्यापुढचा 😊 सहज वाटतो. कोरड्या वाक्यापुढचा फिका 🙂 वाचला की वाटतं, हिला काहीतरी झाकायचं होतं म्हणून तिने हा चेहरा मुद्दाम लावला. तुमच्या मैत्रिणीला स्वतःमुळे भेट रद्द झाल्याची चुटपुट असणार. तिने तो चेहरा याच नजरेने वाचला. अपराधी वाटत असलेला माणूस संदिग्ध खुणेचा वाईट अर्थ आधी उचलतो.

आता तेच दोन शब्द घेऊन शेपूट बदलत जाऊ. नुसतं ‘ठीक आहे’ घाईत लिहिल्यासारखं वाटतं आणि सहसा निभावून जातं. ‘ठीक आहे.’ असा पूर्णविराम दिला की ते गार होतं. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये नेमका हाच प्रकार तपासला. एका शब्दाच्या होकारापुढे पूर्णविराम असला की वाचणाऱ्यांना तो होकार कमी मनापासूनचा वाटला. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवली तेव्हा हा फरक दिसला नाही. चॅटमध्ये ओळ संपली हे पाठवण्यानेच कळतं, त्यामुळे तिथे पूर्णविराम मुद्दाम दिलेला वाटतो. ‘ठीक आहे 👍’ म्हणजे ‘नोंद घेतली’. कामाच्या बोलण्यात ते सोयीचं असतं, पण ‘मला यायला जमत नाहीये, वाईट वाटतंय’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणीला ते पोचपावतीसारखं लागतं. ‘ठीक आहे 😔’ मध्ये निराशा उघड आहे. तरी ते 🙂 पेक्षा जवळचं वाटतं, कारण त्यात काही लपवलेलं नाही. ‘ठीक आहे 😂’ वाचून समोरची गोंधळते. हसण्यासारखं काही घडलेलंच नसतं, त्यामुळे हसू तिच्यावरच आहे की काय असं वाटतं.

आणि ‘ठीक आहे गं’? इथे इमोजी लागतच नाही. मराठीत आपल्याकडे गं, रे, ना, हं, बरं, की असे छोटे शब्द आहेत आणि बोलताना सूर सांभाळण्याचं बरंच काम तेच करतात. ‘ठीक आहे गं’ मध्ये जवळीक आहे, ‘ठीक आहे हं’ मध्ये आश्वासन आहे, ‘असू दे गं’ मध्ये सोडून देणं आहे. चॅटमध्ये घाईघाईत आपण हे शब्द गाळतो आणि त्यांच्या जागी इमोजी ठेवतो. एरवी प्रत्येक वाक्यात ‘गं’ लिहिणारी मैत्रीण ‘गं’ सोडून 🙂 लिहिते, तेव्हा वाचणारीला चेहरा आल्यापेक्षा ‘गं’ गेल्याचं आधी जाणवतं. माझ्याकडे आलेल्या अनेक संवादांमध्ये नेमकं हेच झालेलं असतं, आणि दोघीही इमोजीवर वाद घालत असतात. म्हणून माझा पहिला सल्ला असा की सूर आधी शब्दांत ठेवा आणि मग इमोजीकडे वळा. ‘असू दे गं 😊’ मध्ये इमोजीला फारसं काही करावंच लागत नाही, म्हणून तो बिघडतही नाही.

आता जागेविषयी. हा भाग निवडीइतकाच महत्त्वाचा आहे, पण त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

इमोजी आपल्या लगेच आधीच्या वाक्यखंडाला चिकटतो. ही दोन वाक्यं वाचा:

‘आज नाही जमणार 😔 उद्या भेटू’

‘आज नाही जमणार, उद्या भेटू 😔’

शब्द तेच, चेहरा तोच. पहिल्यात आज न जमल्याचं वाईट वाटतं आणि उद्याची भेट मोकळी राहते. दुसऱ्यात तो पडलेला चेहरा उद्याच्या भेटीवर जाऊन बसतो, आणि नाइलाजाने भेटायला येणार असल्यासारखं वाटतं. कुणी हे इतकं विचार करून वाचत नाही, पण परिणाम होतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाने बोलताना माणसं कुठे हसतात याचा पुष्कळ अभ्यास केला होता. त्याला दिसलं की बोलणारा वाक्याच्या मधे सहसा हसत नाही, वाक्य किंवा वाक्यखंड पूर्ण झाल्यावर हसतो. २००७ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिखित संदेशांमधल्या चेहऱ्यांच्या खुणा तपासल्या, तर त्याही जवळजवळ नेहमी वाक्यखंडाच्या शेवटीच, विरामचिन्हाच्या जागी सापडल्या. म्हणजे वाचणाऱ्याची सवयच अशी झालेली असते की इथे एक तुकडा संपला आणि हा चेहरा त्या तुकड्याचा आहे.

यातून एक सोपी तपासणी निघते. पाठवण्याआधी इमोजीच्या आधीचे चार-पाच शब्द तेवढेच वाचा. त्या शब्दांविषयी तुम्हाला तो चेहरा करायचा आहे का? ‘सॉरी, तुझं पुस्तक अजून सापडलं नाही, आणि वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा 😬’ अशा संदेशात ओशाळलेले दात शुभेच्छांवर पडतात. ते पुस्तकावर जायला हवे होते.

इमोजी सुरुवातीला टाकला तर तो वेगळं काम करतो. तिथे आधीचं काही नसतं, म्हणून तो पुढच्या सगळ्या मजकुराचा सूर लावून देतो. ‘😩 आज नाही जमणार गं’ वाचताना मन आधीच तयार होतं. बातमी वाईट असेल, पण गंभीर नसेल, तेव्हा हे उपयोगी पडतं. त्याला एक अगदी व्यावहारिक कारणही आहे. लांब संदेश सूचनापट्टीवर अर्धाच दिसतो. कामात असलेली मैत्रीण तेवढाच वाचते आणि शेवटी ठेवलेला 😊 तिला तासाभराने दिसतो. तोपर्यंत तिने संदेश कोरडा म्हणूनच मनात धरलेला असतो.

चिडवण्यात जागेचा फरक सर्वांत जास्त जाणवतो. ‘तू येणार नाहीस हे मला माहीतच होतं 😂’ यात आधी टोचतं आणि मग हसू येतं. वाचणारीला एक क्षण तो आरोप खरा वाटतो. हसणारा चेहरा तो आरोप मागे घेतो, पण तो क्षण होऊन गेलेला असतो. ‘😂 तू येणार नाहीस हे मला माहीतच होतं’ मध्ये खेळ चाललाय हे आधीच कळतं. दोन्हींतला फरक घट्ट मैत्रीत नगण्य असतो. नुकती ओळख झालेल्या माणसाशी बोलताना, किंवा तो दमलेला असताना, मी नेहमी चेहरा आधी ठेवते. क्रुगर आणि एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ईमेलवर केलेले प्रयोग इथे आठवतात. आपला उपरोध समोरच्याला कळेल असा लिहिणाऱ्यांना जितका भरवसा होता, त्यापेक्षा वाचणाऱ्यांना तो खूपच कमी कळला. लिहिणारा आपलं वाक्य मनातल्या आवाजात ऐकतो आणि तोच आवाज समोर पोचला असं धरून चालतो.

वाक्यखंडाच्या मधोमध, शब्दाशब्दाला इमोजी पेरू नका. ‘आज 🏠 यायला 🕗 उशीर 😅 होईल’ हे खेळकर दिसतं, पण सूर नेमका कुठे आहे ते सांगत नाही. शिवाय दृष्टिहीन मैत्रिणीच्या फोनवरचा वाचक-आवाज प्रत्येक इमोजीचं नाव उच्चारतो, त्यामुळे वाक्य तिथे तिथे तुटतं. एकच चेहरा सहा वेळा टाकला तर तिला तेच नाव पुन्हापुन्हा ऐकावं लागू शकतं. तिच्यासाठी एकच इमोजी आणि तोही वाक्याच्या शेवटी, हे सर्वांत बरं.

आणखी दोन जागा आहेत आणि त्या वाक्याबाहेरच्या आहेत. एक म्हणजे स्वतंत्र संदेश म्हणून पाठवलेला इमोजी. व्हॉट्सॲपसारख्या ॲपमध्ये एकटा पाठवलेला चेहरा मोठा दिसतो. त्यामुळे त्याचं वजन वाढतं आणि तो स्वतःच एक उत्तर होतो. टोमणा पाठवून मग दुसऱ्या संदेशात 😂 पाठवायची अनेकांना सवय असते. दोन संदेशांमधल्या त्या काही सेकंदांत समोरचीने टोमणा उघडा वाचलेला असतो. चिडवायचं असेल तर चेहरा त्याच संदेशात ठेवा. उलट, मैत्रिणीने काही मोठं सांगितलं आणि तुम्ही आधी शब्दांत उत्तर दिलंत, तर त्यानंतर एकटं पाठवलेलं ❤️ चांगलं पोचतं. तिथे थोडं थांबणंही शोभतं.

दुसरी जागा म्हणजे संदेशावरच लावलेली प्रतिक्रिया, म्हणजे रिॲक्शन. व्हॉट्सॲपवर ही सोय २०२२ मध्ये आली. प्रतिक्रिया सोयीची असते, पण तिचे दोन गुण लक्षात ठेवा. एक, ती संभाषण थांबवते. ‘वाचलं, पोचलं’ एवढं सांगते आणि पुढचं बोलायची पाळी कुणाचीच ठेवत नाही. मैत्रीण काही विचारत असेल तर 👍 लावणं म्हणजे तिला मधेच सोडणं. दोन, ती आख्ख्या संदेशाला लागते. ‘आजीला परत ताप आला. आणि ऐक ना, मांजराने माझी वही फाडली!’ या संदेशावर 😂 लावलंत तर ते तापावरही बसतं. इथे प्रतिक्रिया टाळा. ‘आजी आता कशी आहे?’ हे आधी लिहा, आणि मग पुढे ‘वही?! 😂’. क्रमही असाच हवा.

आता तुमचाच संवाद घेऊ. मैत्रिणीचा संदेश साधारण असा असेल असं धरते:

‘अगं सॉरी, आज नाही जमणार. मीटिंग संपतच नाहीये 😩’

तिने सूर दिला आहे. वैतागलेला चेहरा मीटिंगच्या मागे आहे, म्हणजे वैताग मीटिंगचा आहे, तुम्हाला भेटण्याचा नाही. तिला दोन गोष्टी कळायला हव्या आहेत: तिची अडचण तुम्हाला समजली, आणि तुमच्या मनात काही नाही. ‘ठीक आहे 🙂’ यातलं पहिलं सांगतच नाही, आणि दुसरं सांगायचा प्रयत्न फिक्या चेहऱ्याने करतं.

मी असं लिहिलं असतं:

‘अरेरे, अजून चालूच आहे? 😩 असू दे गं, रविवारी निवांत भेटू 😊’

यात तिचाच 😩 उचलला आहे आणि तो तिच्या अडचणीमागे ठेवला आहे. समोरच्याने वापरलेला चेहरा त्याच अर्थाने परत वापरला की ‘तुझं बोलणं तुझ्याच सुरात ऐकलं’ हे कळतं. ‘असू दे गं’ ने भेट रद्द झाल्याचा विषय शब्दांनी मिटवला. 😊 रविवारच्या पाठी आला, म्हणजे आनंद पुढच्या भेटीचा आहे. भेट रद्द झाल्याचा आनंद तो वाटत नाही. आता हेच दोन चेहरे अदलाबदल करून वाचा: ‘अरेरे, अजून चालूच आहे? 😊 असू दे गं, रविवारी निवांत भेटू 😩’. एकही शब्द बदलला नाही, तरी पहिला अर्धा भाग कुचका झाला आणि दुसरा कंटाळलेला.

थोडं वाईट वाटलं असेल आणि तेही सांगायचं असेल, तर हसरा चेहरा त्यावर पांघरू नका. ‘अरेरे 😩 मी वाट बघत होते गं. रविवारी नक्की ना?’ असं लिहा. इथे शेवटी इमोजी मुद्दाम ठेवलेला नाही. ‘नक्की ना?’ या प्रश्नात ओढ आहे, आणि प्रश्नापुढे 🙂 आला तर तो दम दिल्यासारखा वाचला जाऊ शकतो.

हे सगळं सांगितल्यावर त्याची मर्यादाही सांगायला हवी. कुठल्याही इमोजीचा अर्थ दोन माणसांच्या सवयीवर ठरतो. तुम्ही दोघी नेहमी 😂😂😂 लिहीत असाल, तर एक दिवस आलेला एकटा 😂 मंद वाटतो. काही जण हसून लोळण घेताना 😭 वापरतात, तर काहींना त्यात खरं रडू दिसतं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या संदेशात 🙂 निखळ आनंदाने आलेला असतो आणि तरुण नातेवाईक तो टोमणा म्हणून वाचतात. 🙏 तर आभार, विनंती, नमस्कार, सांत्वन सगळीकडे चालतो, पण घट्ट मैत्रिणीने वादाच्या मधेच एकटा 🙏 पाठवला की तो ‘हात जोडते तुला, पुरे कर’ असा वाचला जातो. त्यामुळे शंका आली तर याद्या शोधत बसू नका. तुमच्या दोघींचं मागचं संभाषण वर सरकवून बघा. ती खूश असताना काय वापरते आणि नाराज असताना काय, हे तिथेच सापडतं.

चित्रातला फरकही उरतोच. एकच इमोजी वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर वेगळा काढलेला असतो. 😁 हा हसरा चेहरा ॲपलच्या फोनवर २०१६ पर्यंत दात आवळल्यासारखा दिसायचा, तर इतर काही फोनवर तो मजेत हसायचा. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच वर्षी हे तपासलं. त्यांना असंही आढळलं की अगदी एकच चित्र दाखवलं तरी साधारण चारपैकी एका वेळी ते आनंदी, तटस्थ की नाराज यावर दोन माणसांचं एकमत होत नव्हतं. आता कंपन्यांची चित्रं पुष्कळ जवळ आली आहेत, पण लोकांच्या वाचण्यातला फरक तसाच आहे. म्हणून गैरसमज झालाच तर भांडण ओढवेल, अशा वाक्याचा अर्थ एकट्या चेहऱ्यावर सोडू नका.

सूर चुकला हे ओळखायच्या खुणा बहुतेक वेळा तिच्या पुढच्याच संदेशात असतात. उत्तर एकदम आखूड होतं. ‘गं’ आणि ‘ना’ गळतात. इमोजी नाहीसे होतात किंवा तुमचाच 🙂 तुम्हाला परत येतो. किंवा ती मजकुराला उत्तर न देता इमोजीलाच देते: ‘हसतेस काय?’ तुमच्या मैत्रिणीने तर थेट विचारलं, आणि हे सर्वांत चांगलं लक्षण आहे. गप्प बसण्यापेक्षा विचारणं सोपं वाटावं इतकी ती तुमच्या जवळची आहे.

अशा प्रश्नाला इमोजीने उत्तर देऊ नका. ‘नाही 🙂’ लिहिलंत तर शंका पक्की होईल, आणि ‘नाही 😂😂’ लिहिलंत तर तिची काळजी हसण्यावारी नेल्यासारखं होईल. जी खूण संदिग्ध ठरली, तिच्याच जातीची दुसरी खूण तो गुंता सोडवू शकत नाही. इथे शब्दच हवेत, आणि थोडे जास्त: ‘नाही गं, अजिबात नाही. घाईत लिहिलं मी. मीटिंग संपली का तुझी?’ शेवटचा प्रश्न सोडू नका, कारण तो विषय तिच्या दिवसाकडे परत नेतो आणि खुलासे तिथेच थांबतात. तिच्या उत्तरात ‘गं’ परत आला, किंवा मीटिंगची तक्रार 😩 सकट सुरू झाली, तर झालं म्हणायचं. त्यानंतर ‘खरंच रागावले नाहीये हं’ असं पुन्हा लिहू नका. दुसऱ्यांदा लिहिलं की ते पहिल्यांदाही खरं नव्हतं असं वाटायला लागतं.